रेकॉर्डिंगमध्ये पखवाज वाजतोय की तबला? दर सप्त्याला होणारा वाद आणि तो सोडवायची पद्धत

आपल्या बेळगाव, खानापूर, निपाणी पट्ट्यात सप्ते सुरू झाले की कुणीतरी जुन्या भजनाची फाईल ग्रुपवर टाकतंच, आणि पाचव्या मेसेजला वाद सुरू. एक म्हणतो हा पखवाज, दुसरा म्हणतो छे छे, तबला आहे, आणि तिसरा कुणीतरी निकाल देऊन मोकळा होतो की "आवाज घुमतोय बघा किती, म्हणजे पखवाजच की ओ." ही घुमण्याची कसोटीच बहुतेक वेळा दगा देते. नुसता वादापुरता वाद असता तर सोडून दिलं असतं, पण मंडळातली पोरं फाईल ऐकून ठेका उचलतात, आणि डग्ग्यावर घिस्सा मारून काढलेली जागा पखवाजावर काढायला बसली तर आठवडा गेला तरी ती निघत नाही, आणि मग म्हणतात हात बसत नाही. हात बसेल कसा, वाद्यच वेगळं आहे.

सध्या फिरतेय ती फाईलच घेऊ. खानापूर तालुक्यातल्या एका गावची जुनी कॅसेट, मोबाईलवर उतरवून घेतलेली, चौदा-पंधरा मिनिटांची. सुरुवातीला रामकृष्णहरी, मग विलंबित चालीतला एक अभंग, शेवटी गजर. पेटी, टाळ, आणि खाली काहीतरी जबरदस्त घुमणारं. निम्मे लोक पखवाज म्हणतात, निम्मे तबला.

पहिलं काम म्हणजे ऐकायचं कशावर. मोबाईलच्या स्पीकरवर हा वाद मिटणारच नाही, कारण डग्ग्याचा काय किंवा पखवाजाच्या डाव्या बाजूचा काय, मूळ खर्ज साधारण १०० हर्ट्झच्या आसपास असतो आणि मोबाईलचा स्पीकर तितकं खालचं देतच नाही. आपल्याला वाटतं की खर्ज ऐकू येतोय, पण येतात ते वरचे उपस्वर, खालचा सूर डोकं आपणहून भरून घेतं. म्हणून कानभर बसणारे हेडफोन लावा, नाहीतर घरच्या म्युझिक सिस्टिमला जोडा. आणि फाईल ज्याच्याकडे मूळ आहे त्याच्याकडून डॉक्युमेंट म्हणून मागवा, व्हॉइस नोट करून पाठवलेली नको, त्यात उरलंसुरलंही जातं. भोंग्यासमोर मोबाईल धरून केलेलं रेकॉर्डिंग असेल तर खर्जाचा विषयच सोडा, भोंगा मुळातच खालचं कापून बाहेर टाकतो, तिथं फक्त उजव्या हातावर भरवसा.

दुसरं म्हणजे टाळ. आपल्या भजनात टाळ इतका पुढे असतो की उजव्या हाताचे निम्मे बोल त्याखाली गाडले जातात, पण खर्जाला तो त्रास देत नाही कारण टाळाचा आवाज सगळा वरच्या पट्टीतला. कॉम्प्युटर असेल तर `Audacity` मध्ये फाईलची कॉपी उघडून `Low-Pass Filter` लावा, फ्रिक्वेन्सी २५० ठेवा, रोल-ऑफ २४. टाळ जवळजवळ गायब होतो आणि खाली डावा हात एकटा उरतो. मग `Change Tempo` ने लय निम्म्यावर आणा. निम्म्याच्याही खाली नेऊ नका, आघात फाटतात आणि सगळंच पखवाजासारखं मोठं वाटायला लागतं.

आता ऐकायचं काय ते सांगतो, आणि त्यासाठी दोन्ही वाद्यांच्या डाव्या बाजूंची बांधणी डोक्यात पाहिजे. डग्ग्याला कायमची शाई असते, ती मधोमध नसून एका बाजूला सरकवलेली असते, आणि तळहाताचा मागचा भाग पुडीवर टेकलेला असतो. बोट मारून 'घे' काढला की तळहात दाबत पुढे सरकवता येतो, पुडी ताणली जाते आणि सूर वर चढतो. हाच घिस्सा. पखवाजाचं तसं नाही. खोड एकच, आडवं, मांडीवर किंवा पुढ्यात, गळ्यात अडकवलेलं असेल तर पोटावर, आणि डाव्या बाजूला म्हणजे धुमेला शाई नसते, वाजवायच्या आधी ओली कणीक थापतात. त्या बाजूवर पंजा सबंध पडतो आणि उचलला जातो, मनगट टेकवून दाबायला तिथं जागाही नाही आणि मध्ये कणकेचा गोळा बसलेला. त्यामुळं पखवाजाचा खर्ज जिथं सुरू होतो तिथंच राहून विरतो. फार जोरात थाप पडली तर पहिल्या क्षणी सूर किंचित वर असतो आणि लगेच खाली बसतो, कारण जोराच्या आघातानं कातडं क्षणभर जास्त ताणलं जातं.

म्हणजे कसोटी अशी की खर्ज आघातानंतर वर चढतोय का. चढत असेल, 'गुंऽऊं' असं वळण येत असेल, तर तो डग्गा, मग घुमारा कितीही असो. मात्र उलटं धरू नका. वळण ऐकू आलं नाही म्हणजे पखवाज असं होत नाही, कारण साधा भजनी ठेका धरणारे बरेच तबलजी डग्ग्यावर घिस्सा घेतच नाहीत, नुसता उघडा 'घे' ठेवतात.

आपल्या फाईलमध्ये अभंगाचं दुसरं चरण संपतं तिथं बुवा श्वास घेतात आणि वाजवणारा एकटा पडतो, ती जागा पकडा. फिल्टर लावून ऐकलं तर एकापाठोपाठ खर्जाचे आघात आहेत आणि त्यातल्या काहींचा सूर स्पष्ट वर जातो. इथं कुणी म्हणेल, जुनी कॅसेट आहे, टेप डगमगली असेल. शंका बरोबर आहे, जुनी टेप हळू-जलद होते तेव्हा सगळ्यांचाच सूर हलतो. पण सगळ्यांचाच. म्हणून फिल्टर काढून तीच जागा परत ऐका आणि आता पेटीकडं लक्ष द्या. पेटीचा सूर काही वाजवणाऱ्याच्या हातानं वाकत नाही, तेव्हा पेटी हलत असेल तर टेपचा दोष, आणि पेटी सरळ उभी असताना फक्त खर्ज चढत असेल तर तो हाताचा घिस्सा. आपल्या फाईलमध्ये पेटी सरळ आहे. म्हणजे अभंगात डग्गा आहे, यात शंका नको.

मग एवढं घुमतंय का? माईक. खेड्यातल्या कार्यक्रमात एकच माईक वाजवणाऱ्याला देतात आणि तो हमखास डग्ग्याच्या अगदी तोंडाशी वाकवलेला असतो. एका दिशेनं आवाज घेणारा माईक वाद्याच्या जितका जवळ न्याल तितका तो खर्ज फुगवतो, हा त्याचा स्वभावच आहे. त्यामुळं साधा पितळी डग्गाही पखवाजासारखा गरजतो. मोबाईलवर थेट केलेल्या रेकॉर्डिंगमध्ये वेगळीच भानगड असते. मोबाईल मोठा आवाज आला की आपोआप लेव्हल खाली ओढतो आणि नंतर सावकाश वर सोडतो, तेव्हा आघाताची विरणारी शेपूट मोठी होत जाते आणि गुंज लांब असल्याचा भास होतो. ओळखायचं कसं, तर तेव्हा मागचा गोंगाट, माणसांची कुजबुज, पंख्याचा आवाज, हेही प्रत्येक थापेनंतर फुगताना ऐकू येतं. असं होत असेल तर गुंज किती लांब टिकली याला काहीही अर्थ नाही.

गुंजेवरून खरंच काही ठरवायचं असेल तर लांबी मोजण्यापेक्षा एक दुसरी गोष्ट जास्त कामाची आहे. तबला-डग्गा ही दोन सुटी भांडी, पखवाजाचं खोड एकच आणि आतली हवाही एकच. म्हणून पखवाजावर उजव्या बाजूला उघडा 'ता' किंवा 'दिं' मारला आणि डावा पंजा उचललेला असला की धुमेचं कातडंही त्याबरोबर हलतं, आणि उजव्या बोलाच्या खाली बारीकसा खर्ज लागून येतो. तबल्यावर नुसत्या 'ना' खाली असं काही नसतं, डावा हात बहुतेक वेळा डग्ग्यावर टेकलेला असतो आणि 'ना' एकटा, मोकळा वाजतो. तेव्हा असा आघात शोधा ज्यात डावा हात वाजलेलाच नाही, आणि त्याच्या खाली काय आहे ते फिल्टर लावून ऐका. शांतता असेल तर तबल्याकडं झुका. मंद हुंकार असेल तर पखवाजाकडं. हे चांगल्या रेकॉर्डिंगवर छान कळतं, कॅसेटच्या घरघरीत कमी कळतं.

कणकेचाही एक उपयोग आहे, पण त्याला लांब रेकॉर्डिंग लागतं. कणीक ओली असते तेव्हा जड असते, ती डाव्या कातड्याचा सूर खाली खेचते आणि वरचे कर्कश उपस्वर गिळून टाकते, म्हणून पखवाजाचा डावा आवाज असा गोल, बोथट, 'धुम्म' येतो. कार्यक्रम रंगत जातो तशी कणीक सुकते, हलकी होते, आणि डाव्याचा सूर हळूहळू वर सरकतो, मग वाजवणारा मध्येच थांबून पाण्याचं बोट लावतो किंवा नवीन कणीक थापतो. दोन तासांच्या फाईलमध्ये सुरुवातीचा आणि शेवटाकडचा खर्ज ऐकून पाहा. फरक पडत पडत एकदम परत खाली गेला असेल तर कणीक लावली असं समजायला हरकत नाही. खानापुरात पावसाळ्यात उलटंही होतं, हवेतल्या ओलीनं कातडंच ढिलं पडून सगळंच उतरतं, तबलासुद्धा, आणि मग हातोडीची ठकठक रेकॉर्डिंगमध्ये ऐकू येते. ती ठकठक तबल्याचीच असं नाही हं, पखवाजालाही गठ्ठे असतात आणि तेही ठोकूनच सुरात आणतात.

उजव्या हाताकडं येऊ. इथं लोक फसतात ते सुरावरून. "एवढा वर लागलाय म्हणजे तबला" असं म्हणायचं नाही, आपल्याकडची मंडळं पांढरी चार, पांढरी पाच असं वर गातात आणि पखवाजही तिथंच लावून आणतात. शिवाय सुरेलपणावरूनही काही कळत नाही, दोन्हींच्या उजव्या पुडीवर शाई आहे, आणि या शाईच्या वजनामुळंच कातड्याचे उपस्वर एका सुरात जुळून येतात, सी. व्ही. रामन यांनी १९२० आणि १९३४ मध्ये याच गोष्टीवर लिहिलंय. तेव्हा सूर नको, आघात कसा पडतोय ते ऐका.

तबल्याचा 'ना' म्हणजे अनामिका शाईच्या कडेवर हलकी टेकलेली आणि तर्जनी चाटेवर टणकन. आवाज अरुंद, काठाचा, धातूसारखी चमक असलेला. पखवाजावर बोटं जोडून किंवा पूर्ण पंजाच पडतो, थापेचा बाज आहे तो, म्हणून आघाताचा पहिला क्षण रुंद असतो, आधी मांसल 'थप्' आणि त्यातून सूर उमलतो. 'तिट' वर हे अजून स्पष्ट होतं. तबल्यावर 'तिट' बोटांचा, कोरडा, टिकटिक असा येतो. पखवाजावर पंजाचे दोन भाग आळीपाळीनं पडतात, त्यामुळं त्यालाही वजन असतं. ज्यांना अजूनही घोळ वाटतो त्यांनी 'धुमकिट धुमकिट तकिट तका किटतक गदिगन' ही पखवाजाची ओळ कुणा वाजवणाऱ्याकडून दोन्ही वाद्यांवर एकदा ऐकून घ्यावी, शब्द तेच पण तबल्यावर 'गदिगन' बारीक होतो, पखवाजावर तो बैलगाडी लाकडी पुलावरून गेल्यासारखा जातो.

एक फसवी जागा आहे. तबल्यावर 'धिरधिर' वाजतो तो बोटांनी नसून तळव्यानंच वाजतो, तळवा शाईवर डोलवत. रेकॉर्डिंगमध्ये तेवढाच तुकडा कापून कुणी टाकला तर पखवाज वाटू शकतो. म्हणून कुठल्याही तुकड्यावर निकाल देताना मागच्या-पुढच्या आवर्तनात काठाचा स्वच्छ 'ना' कुठं येतो का बघायचं, तो एकदा जरी सापडला तरी काम झालं. तालाच्या नावावर तर अजिबात जाऊ नका. चौताल, धमार हे पखवाजाचे ताल खरे, पण तबल्यावरही वाजतात, बनारस आणि पंजाबकडचे तबलजी पखवाजाचे बोल खुल्या हातानं वाजवतातच. आणि आपली धुमाळी किंवा भजनी ठेका तर दोन्हींवर रोजचाच. तरी एक खूण मात्र धरता येते: तबल्यावर धुमाळी चालू असेल तर 'तिं' च्या जागी खर्ज मुद्दाम बंद होतो, भरी-खाली स्वच्छ कळते. पखवाजावर वाजवणारे बरेच जण खाली इतकी काटेकोर रिकामी ठेवत नाहीत, डावा हात चालूच असतो. ही खूण दुय्यम, एकटीच्या जोरावर निकाल देऊ नका.

हे सगळं आपल्या फाईलला लावल्यावर अभंगाच्या भागात काठाचा 'ना' प्रत्येक आवर्तनात आहे, खर्जाला वळण आहे, 'ना' च्या खाली शांतता आहे. तबला. पण शेवटच्या तीनेक मिनिटांत गजर चढतो तिथं चित्र बदलतं, आणि 'पखवाज, पखवाज' म्हणणाऱ्यांनी बहुतेक तेवढंच ऐकलंय. तिथं फिल्टर लावून ऐकलं की एकाच्या जागी दोन खर्ज आहेत. एक पूर्वीचाच, वळणारा. दुसरा त्याच्यापेक्षा बोथट, सरळ, कधी त्याच्याबरोबर पडतो आणि कधी किंचित मागे, तेव्हा आघात दुहेरी होऊन 'भ-धुम्' असा येतो. एका माणसाच्या एका डाव्या हातातून हे निघत नाही. उजव्याकडंही मोठ्या पंजाचा 'ता' समेवर ऐकू येतो आणि त्याच वेळी मागं तबल्याची लग्गी बोटांनी चालू आहे. म्हणजे गजराला पखवाजवाला सामील झालाय, आपल्याकडं तसं होतंच, बसलेले असतात शेजारी, रंग चढला की ओढून घेतात.

आमच्या गल्लीतल्या एका मामांना, ज्यांचा अख्खा जन्म पखवाजावर गेला, हीच फाईल हेडफोनवर ऐकवली. पहिल्या मिनिटाला म्हणाले, "डग्गा बोलतोय रे, ऐक की." आणि गजर आला तसे हात वर करून, "आला बघ आता आमचा." फिल्टर-बिल्टर काही नाही. पण अभंग संपून गजर सुरू होण्याच्या मधली जी मिनिटभराची जागा आहे, जिथं सगळे टाळ एकदम कडाडतात, तिथं त्यांनीही मान हलवली. तिथं खर्ज सरळ आहे, पण उजवा हात टाळाखाली पूर्ण बुडालाय, आणि सरळ खर्ज घिस्सा न घेणाऱ्या तबलजीचाही असू शकतो. तेवढ्या तुकड्याचा निकाल या कॅसेटवरून लागणार नाही, दुसऱ्या कुणाकडं त्याच कार्यक्रमाची वेगळ्या जागेवरून घेतलेली कॅसेट असेल तरच.

अजून दोन गोष्टी लगे हात. फाईलच्या नावात 'मृदंग' लिहिलेलं असलं तर आपले वारकरी पखवाजालाच मृदंग म्हणतात हे ठीक, पण चिकोडी-अथणीकडून कन्नड भजनांची फाईल आली आणि तिच्यावर तेच नाव असलं तर तो दक्षिणेतला मृदंगम् असू शकतो. तोही दोन तोंडांचा, त्याच्याही डाव्या बाजूला वाजवण्याआधी रव्याचा लेप लावतात, म्हणून वरच्या डाव्या हाताच्या बऱ्याच कसोट्या त्याला लागू पडतील आणि तुम्ही त्याला पखवाज म्हणून बसाल. तिथं उजवीकडच्या कडक, सुट्या बोटांच्या बोलांवरून आणि गायकीवरून ठरवावं लागतं. आणि अलीकडच्या ऑर्केस्ट्रा भजनात ऑक्टोपॅडवर पखवाजाचा सॅम्पल वाजवतात. दहा थापा घ्या, एकसारख्या जोराच्या, दहाही हुबेहूब सारख्या वाजल्या, शेपटीसकट, तर वाजवणारा माणूस आहे पण वाद्य पॅड आहे. खऱ्या कातड्यावर दोन थापा तंतोतंत सारख्या पडत नाहीत.

फाईलला नाव देताना एवढं करा: कुठल्या मिनिटापासून कुठल्या मिनिटापर्यंत काय वाजतंय ते लिहा आणि ज्या तुकड्याचं कळलं नाही तिथं 'ठरत नाही' असं लिहा. नुसतं 'पखवाज भजन जुने' लिहून पुढं ढकललं की पुढच्या सप्त्याला कुणीतरी पोरगा तो घिस्सा पखवाजावर शोधत बसणार.